लखलखीत लीड: पहिल्या दोनशे मिलिसेकंदांचा खेळ

मागे एका गाण्याचा हुक, म्हणजे डोक्यात घोळत राहणारा छोटा तुकडा, बसवताना मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. चाल झाली होती, ताल झाला होता, फक्त ती चाल वाजवणारा सिंथचा मुख्य आवाज, म्हणजे लीड, मंद वाटत होता. म्हणून फिल्टर उघडला. तरी मंद. अजून उघडला. शेवटी तो पूर्ण उघडा झाला, कान दुखायला लागले, आणि हुक तरीही झोपलेलाच. आवाज टोचत होता पण चमकत नव्हता. चूक फिल्टरमध्ये नव्हतीच. कुठे होती ते ओघात येईलच, पण त्या संध्याकाळी एक गोष्ट डोक्यात बसली: लीडची चमक ही आवाजात किती तीक्ष्णपणा आहे यावर जितकी ठरते, त्याहून जास्त तो तीक्ष्णपणा प्रत्येक सुराच्या कोणत्या क्षणी येतो आणि कधी मागे सरतो यावर ठरते.

हे समजून घ्यायला एक हुक हाताशी धरू. लय मिनिटाला १२० ठोके, म्हणजे एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि अर्धा ठोका २५० चा. ए मायनर. पहिल्या बारमध्ये ए, सी, ई हे अर्ध्या-अर्ध्या ठोक्याचे, मग पुन्हा ई पूर्ण ठोकाभर, नंतर डी आणि सी अर्धे, आणि शेवटी अर्धा ठोका शांतता. दुसऱ्या बारमध्ये पुन्हा ए, सी, ई, आणि तिथून उडी मारून वरच्या सप्तकातला ए, दोन ठोके धरून ठेवलेला. खालचा ए ४४० हर्ट्झचा, वरचा ८८० चा. हुकचा सगळा जीव त्या शेवटच्या ए मध्ये आहे. तो लक्षात राहिला तर हुक लक्षात राहिला.

आता लाट कोणती घ्यायची? ४४० हर्ट्झचा सूर म्हणजे फक्त ४४० नसतं. त्याच्यासोबत ८८०, १३२०, १७६० अशी पटीतली कंपनं वाजत असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात, आणि ती किती जोरात वाजतात यावर वाद्याचा रंग ठरतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर हेच करतो. तारेखालचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवला की तीच तार, तोच सूर, पण आवाज खुलतो, कारण वरची हार्मोनिक जागी होतात.

सिंथमधली सॉ लाट, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी, सगळी हार्मोनिक देते. दुसरं मूळच्या निम्म्या ताकदीचं, तिसरं तिसऱ्या हिश्शाचं, अशी उतरती भाजणी. स्क्वेअर लाट फक्त विषम देते: पहिलं, तिसरं, पाचवं. सनई आणि क्लॅरिनेट आठवून पाहा. सनईची नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे तिच्यात सगळी हार्मोनिक असतात. क्लॅरिनेटची नळी सरळ असते आणि खालच्या पट्टीत तिच्यात विषम हार्मोनिकांचं वर्चस्व असतं, म्हणून तिचा आवाज पोकळ, गोलसर वाटतो. सॉ आणि स्क्वेअरमधला फरक साधारण याच जातीचा आहे. ट्रँगल लाटेत वरचा भाग फारच लवकर विरतो. फिल्टर फक्त असलेलं कापतो, नसलेलं आणू शकत नाही, त्यामुळे ट्रँगल घेऊन चमक शोधणं म्हणजे रिकाम्या डब्यात चमचा फिरवणं. आपण सॉ घेऊ.

इथे बहुतेक जण थेट सात सॉ एकमेकींपासून किंचित बेसूर करून लावतात. रोलंडच्या जेपी-८००० या सिंथने नव्वदच्या दशकात हा सातपदरी आवाज लोकप्रिय केला, आणि आज तो जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर सिंथमध्ये युनिसन या नावाने मिळतो. रुंद, भरगच्च वाटतो. पण आखूड सुरांच्या हुकमध्ये तो एक खोडी काढतो, आणि ती कशी ते नीट पाहण्यासारखं आहे.

दोन सूर किंचित वेगळे असले की त्यांच्यात आंदोलन ऐकू येतं. पेटीचे दोन संच एकत्र लावले आणि एक पट्टी जराशी उतरलेली असली की जी लहर येते, तीच ही. दोन सॉ एकमेकींपासून १० सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या एक दशांश इतक्या दूर ठेवल्या, तर ४४० हर्ट्झला सेकंदाला साधारण अडीच आंदोलनं होतात. एक आंदोलन पुरं व्हायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात. आपला सूर मात्र २५० मिलिसेकंदांतच संपतो. म्हणजे एका सुराच्या वाट्याला पूर्ण आंदोलन येतच नाही. सूर सुरू होताना दोन्ही लाटा जुळलेल्या असल्या तर तो दणक्यात सुरू होतो, आणि नेमक्या उलट असल्या तर मूळ सूर आणि त्याची विषम हार्मोनिक एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त सम हार्मोनिक, आणि तो सूर चक्क वरच्या सप्तकातला, चिरका वाटतो. पुष्कळ सिंथमध्ये प्रत्येक सुराला लाट कुठून सुरू होईल हे यादृच्छिक ठेवलेलं असतं. मग हुक दर फेरीला थोडा वेगळा वाजतो. एखादी फेरी भन्नाट, पुढची लंगडी, आणि का ते कळत नाही.

ओळखायचं कसं? एकच सूर दहा वेळा, सारख्याच जोराने वाजवा आणि मीटरकडे बघा. शिखर दर वेळी तीन-चार डेसिबलने वरखाली होत असेल तर रोग हाच.

उपाय सोपा वाटतो: सगळ्या लाटा दर वेळी एकाच बिंदूपासून सुरू करायला लावायच्या. व्हायटलसारख्या सिंथमध्ये फेजच्या शेजारचा टक्क्यांचा आकडा शून्यावर आणला की हे होतं. पण सातही सॉ एकाच क्षणी जुळून निघाल्या तर त्यांची बेरीज सातपट होते. विखुरलेल्या असताना तीच बेरीज सरासरी अडीच-पावणेतीन पट असते. फरक आठ डेसिबलच्या वर. प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक टणक ठोका बसतो, तो आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या लिमिटरला धडकतो आणि बाकीचा आवाज दबतो.

म्हणून मी कामाची वाटणी करतो. एका ऑसिलेटरवर, म्हणजे लाट तयार करणाऱ्या भागावर, एकटी सॉ, बेसूर न केलेली, सुरुवातीचा बिंदू पक्का. हुकची चाल हिच्या खांद्यावर. दुसऱ्या ऑसिलेटरवर चार सॉ, १० ते १५ सेंटच्या पसाऱ्यात, डाव्या-उजव्या बाजूला पसरलेल्या, सुरुवात यादृच्छिकच राहू दिलेली, पण पहिलीपेक्षा आठ-दहा डेसिबल खाली. त्या झिलई देतात, भार उचलत नाहीत. याचा दुसरा फायदा मोबाइलवर कळतो. डावी-उजवी बाजू एकत्र मिसळली की पसरलेल्या लाटांमधली आंदोलनं जास्त खोल होतात आणि निव्वळ युनिसनवर उभा असलेला लीड पाण्यात बुडल्यासारखा वाटतो. मधली एकटी सॉ त्या वेळी तारून नेते.

तिसरा ऑसिलेटर असेल तर एक सप्तक वर स्क्वेअर, बारा डेसिबल खाली. सप्तकाचा सूर कानाला वेगळा ऐकू येत नाही, मूळ सुरातच विरघळतो, आणि फिल्टरला हात न लावता उजेड वाढतो. नसेल तर अडत नाही.

आता फिल्टर. लो-पास फिल्टर ठरावीक रेषेच्या वरचा भाग उतरवत नेतो. त्या रेषेला कटऑफ म्हणतात. ही रेषा भिंत नसते, उतार असतो. एका प्रकारात दर सप्तकाला १२ डेसिबल, दुसऱ्यात २४. चोवीसवाला उतार तीव्र, त्यामुळे कटऑफ हलवला की फरक स्पष्ट ऐकू येतो. आपल्याला तो हलवायचाच आहे, म्हणून चोवीस घेऊ.

समजा कटऑफ २००० हर्ट्झवर ठेवला. खालच्या ए ची किती हार्मोनिक त्याखाली येतात? ४४०, ८८०, १३२०, १७६०. चार. आणि वरच्या ए ची? ८८० आणि १७६०. फक्त दोन. म्हणजे हुकचा कळस, ज्यासाठी सगळा खटाटोप, तोच सगळ्यांत मंद वाजणार! चाल वर चढते आणि रंग उतरत जातो. शिकाऊ लीडमध्ये हा दोष इतका सर्रास असतो की मी दुसऱ्याचा पॅच, म्हणजे सिंथवर बसवलेला आवाज, ऐकताना आधी वरचा सूर ऐकतो.

याचं औषध म्हणजे की-ट्रॅकिंग. सूर वर गेला की कटऑफही सोबत वर सरकतो. शंभर टक्के ठेवलं तर वरच्या ए ला कटऑफ ४००० होतो आणि दोन्ही सुरांना चार-चार हार्मोनिक मिळतात. हिशेबाने हे बरोबर आहे, पण कानाला पुन्हा टोचतं, कारण आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांत हळवा असतो आणि वरच्या ए ची हार्मोनिक तिथेच गर्दी करतात. मी खालच्या ए ला आधार धरून सत्तर टक्क्यांवर थांबतो. मग वरच्या ए ला कटऑफ सव्वातीन हजारांच्या आसपास येतो आणि तीन हार्मोनिक आत बसतात. उजळ, पण सुई नाही.

रेझोनन्स या नॉबबद्दल थोडक्यात. तो कटऑफच्या जागी एक टेकाड उभं करतो. दहा-वीस टक्के ठीक. त्यापुढे टेकाड स्वतःच शिट्टी घालायला लागतं, आणि पुष्कळ चोवीसवाल्या फिल्टरांमध्ये खालचा भागही पातळ होतो. आणि हो, सगळीकडे सांगतात म्हणून लीडला २०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर, लावण्याची प्रथा आहे. आपल्या हुकचा सगळ्यांत खालचा सूर ४४० चा. त्याखाली सिंथ काहीच वाजवत नाहीये. कापायचं काय?

इथवर जे जमलं त्याने लीड उजळ होईल, पण एकसारखा उजळ. ट्यूबलाइटसारखा. तो कंटाळवाणाही होतो आणि गायकाच्या अंगावरही येतो. इथे एन्व्हलप लागतो. एन्व्हलप म्हणजे एका सुराच्या आयुष्याचा आलेख: अटॅकमध्ये तो चढतो, डिकेमध्ये उतरतो, पट्टी दाबून ठेवलेली असेपर्यंत सस्टेनच्या पातळीवर राहतो, आणि सोडल्यावर रिलीजमध्ये विझतो. आपल्याला दोन एन्व्हलप लागतील, एक आवाजाच्या जोरासाठी आणि एक फिल्टरसाठी.

जोराचा एन्व्हलप फार कारागिरी मागत नाही. अटॅक दोन-तीन मिलिसेकंद. शून्य ठेवला तर लाट मधल्याच कुठल्यातरी उंचीवरून एकदम उगवू शकते आणि टक् असा आवाज येतो. ४४० हर्ट्झच्या लाटेचा एक फेरा सव्वादोन मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्यात चढू दिला की टक् जातो आणि धार राहते. उलट ३० मिलिसेकंद ठेवला तर सूर ड्रमच्या मागे रेंगाळल्यासारखा वाटतो, जरी स्क्रीनवर तो ग्रीडला चिकटलेला असला तरी. सस्टेन सत्तरेक टक्के, रिलीज ८० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे पहिल्या बारच्या शेवटची शांतता खरोखर शांतता राहते.

फिल्टरच्या एन्व्हलपमध्ये मात्र सगळी गंमत आहे. कटऑफ मुद्दाम खाली आणा, १४०० हर्ट्झवर. लीड आता ब्लँकेटखाली गेल्यासारखा वाटेल, वाटू दे. मग एन्व्हलपला सांगा की कटऑफ दोन सप्तकं वर ने, म्हणजे बहुतेक सिंथमध्ये चोवीस सेमिटोन. अटॅक शून्य, डिके १८० मिलिसेकंद, सस्टेन पंचवीस टक्के. काय होतं पाहा. पट्टी दाबताच कटऑफ ५६०० वर उघडतो, खालच्या ए ची बारा हार्मोनिक एकदम बाहेर पडतात, आणि पापणी लवायच्या आत तो घसरून २००० च्या जवळ स्थिरावतो, जिथे चारच उरतात. सुराला चोच फुटते. कान त्या पहिल्या क्षणावरून सुराचा रंग ठरवतो आणि पुढचा मवाळ भागही उजळच धरून चालतो. सतत ५६०० वर उघडा ठेवलेला लीड आणि हा लीड शेजारी शेजारी ऐका. ऐकताना दोघांचा जोर सारखा करायला विसरू नका, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटेल. पहिला दिव्यासारखा, दुसरा तिरपी फिरवलेल्या स्टीलच्या ताटासारखा.

डिके १८० च का? कारण सूर २५० चा आहे. डिके ४०० ठेवला तर फिल्टर बंद व्हायच्या आत पुढचा सूर येतो, चढउतार ऐकूच येत नाही आणि पुन्हा ट्यूबलाइट. ६० ठेवला तर चोच इतकी आखूड होते की लीड मरिंबासारखा टकटक वाजतो. आखूड सुराच्या लांबीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश हा माझा सुरुवातीचा अंदाज. लय बदलली की तोही बदलायचा. शिवाय एका सिंथमधला १८० दुसऱ्यात तसाच ऐकू येईल असं नाही, कारण उताराचा बाक प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी आधी भरकन घसरतो आणि मग रेंगाळतो, कुणी सरळ रेषेत उतरतो. आकडा दाराशी सोडतो, आत कानानेच जायचं.

आता माझी ती वाया गेलेली संध्याकाळ. लीड एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या मोडमध्ये होता आणि लिगॅटो चालू होतं. लिगॅटोमध्ये एक पट्टी सोडायच्या आधी दुसरी दाबली की सिंथ फक्त सूर बदलतो, एन्व्हलप नव्याने सुरू करत नाही. माझे सूर मिडीमध्ये, म्हणजे संगणकातल्या सुरांच्या नोंदीत, एकमेकांवर किंचित चढलेले होते, दहा-वीस मिलिसेकंद. झालं असं की शांततेनंतरच्या पहिल्या सुरालाच चोच मिळत होती, बाकी सगळे सस्टेनच्या मंद पातळीवर वाजत होते. मी कटऑफ वाढवत गेलो तशी ती मंद पातळी टोचायला लागली, पण चोच काही परत आली नाही. खूण हीच: प्रत्येक तुकड्याचा पहिला सूर चमकतो आणि मागचे झोपतात. सूर जरा आखूड केले आणि हुक जागा झाला. लिगॅटो बंद केलं असतं तरी चाललं असतं, पण मला सी कडून ई कडे जाताना ४० मिलिसेकंदांची मींड हवी होती, आणि तिच्यासाठी त्या एकाच जागी सूर एकमेकांवर चढवून ठेवले.

राहिला शेवटचा ए, पूर्ण एक सेकंद धरलेला. आखूड सुरांसाठी कापलेला अंगरखा याला आखूड पडतो. १८० मिलिसेकंदांत चमक संपते आणि उरलेला बराच वेळ सूर नुसता उभा राहतो. सस्टेन वाढवून हे सुटत नाही, कारण मग आखूड सुरांची चोच बोथट होते. मी या एका सुरापुरतं कटऑफचं ऑटोमेशन, म्हणजे नॉब आपोआप हलवणारी रेषा, काढतो: सूर लागतो, फिल्टर नेहमीसारखा बंद होतो, आणि तिथून सेकंदाच्या शेवटापर्यंत हळूहळू पाऊण सप्तक पुन्हा उघडतो. गायक लांब सूर 'ऊ' वर धरून 'आ' कडे खुलवत नेतो तसा. सोबत कंप, सेकंदाला साडेपाच फेऱ्या, पंधरा-वीस सेंटचा, पण सुरुवातीपासून नाही. पहिले ३०० मिलिसेकंद सूर सरळ, मग कंप आत येतो. सुरुवातीपासून असला तर सूर नेमका कुठे लागला तेच कळत नाही.

एक शेवटची तपासणी वरच्या ए चीच. स्वस्त किंवा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सॉ लाट नीट बनवलेली नसते आणि जी हार्मोनिक संगणकाच्या मर्यादेपलीकडे जायला हवीत ती आरशावर आपटल्यासारखी मागे परततात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ. ८८० चं पंचेचाळिसावं हार्मोनिक ३९,६०० ला पडतं, ते परतून ४५०० ला येऊन बसतं, खऱ्या पाचव्या हार्मोनिकच्या, म्हणजे ४४०० च्या, अगदी शेजारी. अशी बरीच उपरी मंडळी मिळून वरच्या सुरांना वाळूसारखी खरखर देतात. पिच बेंडने सूर हळूहळू वर ओढा. सगळं वर जात असताना आवाजात काहीतरी खाली सरकताना ऐकू आलं तर हेच आहे. सिंथमध्ये ओव्हरसँपलिंगचा, म्हणजे आतल्या आत जास्त नमुन्यांवर काम करण्याचा, पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर दुसरा सिंथ घ्या. आजकालच्या चांगल्या सिंथमध्ये नुसत्या लाटेपुरतं हे क्वचितच भेटतं, पण पुढे डिस्टॉर्शन लावलं की तीच खरखर मागच्या दाराने परत येते, कारण डिस्टॉर्शन नवी हार्मोनिक तयार करतं.

मग गायकाचा ट्रॅक चालू करायचा, आवाज अगदी हळू ठेवायचा, शेजारच्या खोलीत जायचं आणि दार अर्धवट लोटून ऐकायचं. आखूड सुरांच्या चोची तिथवर पोचत असतील तर पॅच सेव्ह करायचा.